बहिणीसाठी दुसरा कप

माझी धाकटी बहीण जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत ती मला एकदाही दिसली नव्हती, स्वप्नातसुद्धा नाही. ती दिसायला लागली ती नातीने चहाचा धंदा काढल्यावर.

नातीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून एका जुन्या शिंप्याचं तळमजल्यावरचं दुकान भाड्याने घेतलं. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर वजनकाटा, पाकिटं बंद करायचं पायाने दाबायचं यंत्र, भिंतीला टेकवलेले खोके. मागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि शेगडी. मैत्रीण अन्नतंत्रज्ञान शिकलेली. पाकिटावर काय छापायचं, कुठल्या अक्षरात छापायचं, काय छापलं तर नोटीस येईल हे सगळं ती बघायची, म्हणून नात तिला लेबलताई म्हणायची. पुढे मीही तेच म्हणायला लागले.

चहा माझा होता. गवती चहा, बडीशेप, पुदिना, ज्येष्ठमध. चहाची पत्ती नाही, त्यामुळे झोप उडत नाही. लहानपणापासून नातीला तो मीच करून द्यायचे. लेबलताईने त्यातलं ज्येष्ठमध निम्म्याहून कमी केलं आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ घातली: ज्येष्ठमध आहे, रक्तदाब असणाऱ्यांनी जास्त पिऊ नये.

"ही ओळ लागतेच का?" नातीने विचारलं होतं.

"लागते," लेबलताई म्हणाली. "आजी, तुम्हाला ठाऊक असेल ना, ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो?"

"ऐकलंय," मी म्हणाले आणि पाकिटं मोजायला लागले.

मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. वेलांटी-उकार डोळ्यांतून सुटत नाही. म्हणून नातीने मला कामाला लावलं ते मजकूर वाचायला. बाजारात उतरायच्या आधी त्यांनी अकरा बायकांना गाठलं होतं. या बायका आपापल्या फोनवर व्हिडिओ टाकतात आणि हजारो लोक ते बघतात. त्यांना पाकिटं पाठवायची आणि सोबत एक कागद, त्याला ही मुलं ब्रीफ म्हणतात. काय दाखवायचं, काय बोलायचं, काय अजिबात बोलायचं नाही.

मी तो ब्रीफ तीनदा वाचला. चांगला होता, माझ्या नातीने लिहिला म्हणून सांगत नाही. एक रील, तीन स्टोरी. मसुदा तीन दिवस आधी पाठवायचा, आमचा होकार आल्याशिवाय टाकायचा नाही. कॅप्शनची पहिली ओळ महत्त्वाची, कारण पुढचं 'आणखी वाचा'च्या मागे झाकलं जातं. आणि त्या पहिल्या ओळीतच 'जाहिरात' हा शब्द हवा. खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही. ॲपमधली 'सशुल्क भागीदारी'ची खूणही लावायची.

"पण काही जणींना तुम्ही नुसतं पाकीटच देताय," मी म्हणाले.

"फुकट पाकीट दिलं तरी सांगायचं," लेबलताई म्हणाली. "माणूस फुकटातसुद्धा मिंधा होतो, आजी."

मग वर्ज्य शब्दांची यादी. बरं होतं, उपचार, औषध, वजन उतरतं, शरीर शुद्ध होतं. यातलं काहीही लिहायचं नाही. कोणी खाली प्रकृतीचा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही, डॉक्टरांकडे जा म्हणून सांगायचं. आणि पोस्ट टाकण्याआधी निदान दोन आठवडे चहा स्वतः पिऊन बघायचा, म्हणजे बोलणं खोटं वाटणार नाही.

आणि शेवटी, 'आमची गोष्ट'.

ही गोष्ट माझी होती. आजीच्या धाकट्या बहिणीला झोप लागत नसे. आजी तिला हा चहा करून द्यायची. दोघी समोरासमोर बसून प्यायच्या. त्याच्याखाली नातीने लिहिलं होतं: व्हिडिओत समोरची खुर्ची रिकामी ठेवा आणि तिच्यापुढे दुसरा कप ठेवा, बहिणीसाठी.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं. "सगळ्या व्हिडिओंत एकच खूण. बघणाऱ्याच्या लक्षात राहील."

मी 'बहिणीसाठी'वरची वेलांटी तपासली. बरोबर होती. कागद परत दिला.

गोष्ट नुसती लिहून भागेना. नातीला माझा आवाज हवा होता. "तू सांगतेस तसं मला लिहिता येत नाही, आजी. त्या बायकांना तुझा सूर कळायला हवा. ही काही लोकांना ऐकवायची नाही, फक्त त्यांच्यासाठी." एका सकाळी तिने मला मागच्या खोलीत बसवलं आणि फोन समोर धरला.

म्हातारीला कोणी सांग म्हटलं की तिचं गाडं थांबत नाही. मी सांगितलं, धाकटी कशी कप दोन्ही हातांत धरून त्यावर नाक टेकवायची. केस धुतले की ओलेच सोडून बसायची आणि मी रागावले की म्हणायची, ताई, केस माझे, सर्दी माझी, तुझं काय जातंय. रोज चार कप प्यायची, पाचवा मी दिला नाही म्हणून रुसायची. आणि बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले, "तिला डॉक्टरांच्या गोळ्या नकोशा व्हायच्या. मी म्हटलं, राहू दे त्या. हा घे."

तिथे मी थांबले.

फोन चालू होता. खोलीत आम्ही दोघीच. मी पुढे काहीतरी बोलून गोष्ट संपवली. नातीने मला ते लगेच ऐकवलं. मी थांबले होते त्या जागेवर, अगदी स्पष्ट, बशीत कप ठेवल्याचा आवाज होता. आमच्यापुढे त्या वेळी कपबशी नव्हती.

"हा आवाज कसला?"

"कुठला?" तिने परत लावलं. "मला नाही ऐकू येत. पण तू जी थांबलीस ना, ती जागा मी ठेवणार आहे. एकदम खरी वाटते."

ब्रीफ लेबलताईकडे तपासायला गेला. तिने दोन शब्द खोडले. ध्वनिफीत ब्रीफच्या शेवटी नुसती दुवा म्हणून जोडली होती. ती तिने उघडली नाही, गोष्टच तर आहे म्हणून. मीही काही बोलले नाही. तीस वर्षांची माझी सवय अशी की कागदावर असतं तेच तपासायचं.

*

पंधरा दिवसांनी मसुदे यायला लागले. मी कॉम्प्युटरसमोर बसून एकेक बघायचे. नातीने मला ठोकताळा शिकवला होता: पहिल्या ओळीत जाहिरात आहे का, वर्ज्य शब्द आहे का, चहाचं नाव नीट लिहिलंय का, समोर दुसरा कप आहे का.

दुसरा कप होता. पहिल्या बाईने आपल्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीपुढे ठेवला होता. दुसरीने अभ्यासाच्या टेबलावर, पुस्तकांच्या ढिगाशेजारी. एका नाचणाऱ्या पोरीने आरशापुढे. प्रत्येकीच्या घरात, मला अनोळखी अशा खोल्यांत, माझ्या बहिणीसाठी खुर्ची मांडली होती. त्या मुली हसून म्हणत होत्या, "हा तिच्यासाठी." आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

मला सुरुवातीला वाफ दिसली. गच्चीवर वारा होता, त्या मुलीच्या कपाची वाफ डावीकडे जात होती आणि समोरच्या कपाची सरळ वर जाऊन तुटत होती. कोणी नाक टेकवून फुंकावं तशी.

चौथ्या व्हिडिओत समोरचा कप सुरुवातीला भरलेला होता, शेवटी अर्धा.

"हिचा दुसरा कप अर्धा कसा झाला?" मी नातीला विचारलं.

"पिऊन टाकला असेल गं. दहादा घेतात ते शूट, मध्ये थंड होतो, कोणीतरी पितं. तू शब्द बघ ना, कप काय बघतेस."

मी शब्द बघायला लागले. सातव्या व्हिडिओत धाकटी बसलेली होती.

धूसर वगैरे नाही. खुर्चीवर, तपकिरी शाल, ओले केस खांद्यावर, दोन्ही हात कपाभोवती. व्हिडिओतली मुलगी तिच्या समोरून उठली, खिडकी उघडली, परत बसली. धाकटी मुलीकडे बघत नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती. दुपारचे बारा वाजले होते, पुढच्या खोलीत यंत्राचा पाय खाली-वर होत होता, बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं.

मी व्हिडिओ बंद केला आणि शेऱ्यात लिहिलं, 'ठीक आहे.'

आठव्यात होती. नवव्यातही. दहाव्यात ती खुर्ची थोडी पुढे ओढून बसली होती. तिचा चेहरा मी मेल्यानंतरही ओळखीन. पण मला त्यावर राग शोधावा लागत होता, सापडत नव्हता. लहानपणी उत्तर चुकलं की ती माझ्याकडे बघायची, तशी बघत होती. आता तू सांग, तुला येतं, अशी.

घरी जाऊन मी जेवले नाही. नातीने विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे.

*

अकरावी बाई राहिली होती. ती स्वतःला 'दुपारची मैत्रीण' म्हणवायची. साठीच्या आसपासची, शाळेतली निवृत्त शिक्षिका, रोज दुपारी तीनला तिच्याच वयाच्या बायकांशी फोनवरून गप्पा मारायची. बाकीच्या मुली सुंदर होत्या. हिचं सगळे ऐकायचे.

शनिवारी चहा बाजारात येणार होता. बुधवारी अकरा वाजता तिचा मसुदा आला. शिक्षिकाच ती. पहिल्या ओळीत जाहिरात, मध्ये दोन मोकळ्या ओळी, वर्ज्य शब्द एकही नाही. अशा मजकुराला मी छापखान्यात असते तर हात लावला नसता. पण सोबत पत्र होतं.

"आपण पंधरा दिवस सांगितलेत, मी तीन आठवडे घेतला," तिने लिहिलं होतं. "आजींचं बोलणं रोज एकदा ऐकते, जीव शांत होतो. त्यांच्या बहिणीसारखे चार कप घेते. एक विचारायचं आहे. त्यांनी सांगितलं तसं मीही माझी रक्तदाबाची गोळी तीन आठवडे बाजूला ठेवली आहे आणि मला बरं वाटतंय. औषध हा शब्द चालत नाही हे वाचलं, म्हणून कॅप्शनमध्ये घातलेलं नाही. पण दुसऱ्या शब्दांत सांगितलं तर चालेल का? खरं आहे, म्हणून विचारते."

मी व्हिडिओ लावला.

साधं जेवणाचं टेबल, मेणकापड, मागे भांड्यांचं कपाट. दुपारची मैत्रीण कप उचलून म्हणाली, "हा दुसरा कप तिच्यासाठी, जिला आपण कधी पाहिलं नाही." तिने तो कप हाताने थोडा बाजूला सरकवला, समोर बसलेल्याला हात ठेवायला जागा करून देतात तसा. धाकटी समोर बसलेली होती. या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या बाईकडे बघत होती.

"आला का?" नात पुढच्या खोलीतून आली, हाताला पाकिटांची चिकटपट्टी. माझ्या खांद्यावरून पत्र वाचलं. "अरे देवा. गोळी वगैरे काही नको. सांग तिला, ती ओळ चालणार नाही, कुठल्याच शब्दांत. बाकी छान आहे, होकार देऊन टाक."

"ओळ तिने घातलीच नाहीये."

"मग झालं तर."

"ओळ नाही घातली. गोळी घेत नाहीये ती."

"तिला सांगू की डॉक्टरांना विचारा. ब्रीफमध्ये आहे ते वाक्य, तेच चिकटव."

"ती मरेल," मी म्हणाले.

नात हसली. मग माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली.

"आजी, पाणी देऊ?"

"बस इथे."

ती बसली. मी तिला जे सांगितलं ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तिच्या आजोबांनासुद्धा नाही. धाकटीला रक्तदाब होता. गोळ्यांनी तिला कोरडा खोकला यायचा, रात्ररात्र बसून राहायची. मला वाटायचं, डॉक्टरांना काय कळतंय. मी म्हटलं, बंद कर काही दिवस, मी करते तो चहा पी. ज्येष्ठमध मी मूठभर घालायचे, गोड लागावा म्हणून. खोकला थांबला. आम्ही जिंकल्यासारख्या हसलो. सगळी थंडी ती रोज चार कप प्यायली. पाय सुजले, मी म्हटलं, उभं राहून काम करतेस. डोकं दुखायचं, मी म्हटलं, ओले केस सोडून बसतेस. एक दिवस दुपारी ती कप ठेवायला उठली आणि खाली बसली. आठ दिवसांनी गेली.

"दवाखान्यात डॉक्टरने मला विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी म्हटलं, हो. दुसरं काही घेत होत्या? मी म्हटलं, काही नाही."

नात हाताची चिकटपट्टी सोलत होती.

"नंतर छापखान्यात वनस्पतींवरचं एक पुस्तक आलं. ज्येष्ठमधाचं पान माझ्याच टेबलावर. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावे. त्या पानात तीन चुका राहिल्या. माझ्या सबंध नोकरीत तेवढ्याच."

"आणि तू मला हा चहा विकू दिलास."

"लेबलताईने कमी केलं ना ज्येष्ठमध. मागे ओळ छापली. मला वाटलं, आता त्याच्यात काही नाही. मला वाटलं, लोकांना आवडला तर तो..." पुढचा शब्द मला सापडला नाही. अजूनही नाही.

"माझ्या कागदावर तू तिला बसवू दिलंस," नात म्हणाली. "अकरा घरांत. मी कप मांडायला लावले आणि तू वेलांट्या तपासत बसलीस."

मला तिने आजवर असं काही ऐकवलं नव्हतं. बरोबर होतं, म्हणून ऐकून घेतलं.

मग ती उठली, माझ्याच फोनवर त्या बाईचा नंबर लावून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माझं ऐकणार नाही ती. तुझा आवाज रोज ऐकते. तूच बोल."

*

दुपारच्या मैत्रिणीने दुसऱ्या घंटीला उचलला.

"अगंबाई, आजी तुम्ही? आवाजावरूनच ओळखलं. माझा मसुदा बरा नाही का?"

"मसुदा उत्तम आहे. तुमची प्रकृती कशी आहे?"

"झकास. दोन दिवस डोकं तेवढं जड आहे. आणि चपला घट्ट होतायत, पाय जरा सुजलेत. वय झालं, दुसरं काय."

मी खुर्चीचा हात धरला. "रक्तदाब मोजायचं यंत्र आहे घरात?"

"आहे. पण त्याचं काय..."

"बाई, ती बहीण त्या चहाने बरी झाली नाही. ती मेली. गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या. ते मी तुम्हाला सांगितलं नाही."

नातीने तिच्या फोनवरून लेबलताईला लावलं होतं, ती कुजबुजत होती.

"पण तुमच्याच तोंडून ऐकलं मी," दुपारची मैत्रीण म्हणाली. शाळेत एखाद्या मुलाने कॉपी केलेली कळावी तसा तिचा आवाज झाला होता. "रोज ऐकलं. एकवीस दिवस."

"हो. आता मोजा. मी थांबते."

खण उघडल्याचा आवाज आला. पट्टा गुंडाळल्याचा. मग यंत्र फुगायला लागलं, ती घरघर मला इकडे ऐकू येत होती. त्या घरघरीत तिच्या समोरची खुर्ची सरकल्यासारखी वाटली. त्या घरात ती एकटी राहते, हे तिनेच आपल्या गप्पांत कितीदा सांगितलं होतं.

"वरचा एकशे अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. "खालचा एकशे बारा. हे यंत्र जुनं आहे हो."

"शेजारी कोण असतं?"

"समोरची डेंटिस्ट. पण आता तिचे पेशंट असतील."

"दार वाजवा तिचं. फोन चालू ठेवा. आणि तुमच्या मनाने दोनचार गोळ्या एकदम घेऊ नका. डॉक्टर सांगेल तेच करा. आणि सांगा त्यांना, रोज चार कप, ज्येष्ठमधाचा. पाकीट सोबत न्या. काही नाही म्हणू नका. ऐकताय ना? काही नाही असं म्हणू नका."

"ऐकतेय," ती म्हणाली. मग चपला ओढत जाणारे पाय, दाराची कडी, घंटी, एका बाईचा चढा आवाज. त्यानंतर फोन कोणीतरी दुसऱ्यानेच बंद केला.

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. लेबलताई धावत आली, ध्वनिफीत लावून पहिल्यांदा ऐकली, आणि ती दुव्यावरून काढून टाकली. नातीने दहाजणींना निरोप पाठवला: पोस्ट टाकू नका, शनिवार रद्द, त्या ध्वनिफितीत सांगितलेलं काही करू नका, चार कप पिऊ नका, कोणी गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना भेटा. एकेक उत्तर येत होतं. कोणी विचारत होतं, मग पुढची तारीख कधी. कोणी नुसती अंगठ्याची खूण पाठवत होतं. नाचणाऱ्या पोरीने लिहिलं, माझ्या आईला दिलं होतं एक पाकीट, तिला फोन करते.

"वर्षभर राबलो आपण," लेबलताई म्हणाली.

"हो," नात म्हणाली. तिने ब्रीफ उघडला आणि 'आमची गोष्ट' निवडून पुसून टाकली. दुसऱ्या कपाची ओळही गेली. त्या रिकाम्या जागेत तिने पाकिटामागची ती बारीक ओळ मोठ्या अक्षरात लिहिली आणि पुढे जोडलं: हे वाक्य प्रत्येक कॅप्शनमध्ये, 'आणखी वाचा'च्या आधी. माझ्याकडे कागद तपासायला दिला नाही.

पाच वाजता डेंटिस्टचा निरोप आला. दवाखान्यात ठेवलंय, ज्येष्ठमधाने रक्तात पोटॅशियम उतरलंय, सलाईन चालू आहे, बोलतायत. घरी चौथ्या दिवशी सोडलं.

*

चहा महिनाभराने बाजारात आला, ज्येष्ठमध अजिबात न घालता. थोडा बेचव लागतो. खपतो बेताचा. त्या अकराजणींपैकी सहाजणींनीच पुढे काम केलं. समोर खुर्ची नाही, एकच कप.

दुपारच्या मैत्रिणीने आमचं काम केलं नाही. पण एका दुपारी तीनला तिने स्वतःहून एक व्हिडिओ टाकला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: ही जाहिरात नाही. आमचं नाव घेतलं नाही. आपण एका गोष्टीवर भाळून गोळ्या कशा बंद केल्या, चार कप कसे प्यायलो, सगळं सांगितलं. "त्या गोष्टीत एक बहीण होती," ती म्हणाली. "तिलाही कोणीतरी हेच सांगितलं होतं. ती वाचली नाही."

खाली शेकडो बायकांनी लिहिलं होतं. कोणी आपल्या सासूचं सांगत होती, कोणी आपलं. आणि मधूनमधून एकच प्रश्न. त्या बहिणीला सांगणारी कोण होती? एकीने लिहिलं होतं, 'अशी माणसं नंतर जेवतात तरी कशी?'

मी ते नातीच्या फोनवर वाचलं. ती शेजारी बसून पाकिटांवर तारखेचे शिक्के मारत होती. महिनाभर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होती.

"मला इथे लिहायचंय," मी म्हणाले.

तिने शिक्का खाली ठेवला. "कशाला? तिने आपलं नाव घेतलेलं नाही. तू लिहिलंस तर लोक शोधतील, सगळ्यांना कळेल, कुठला चहा ते."

"कळेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या फोनवर तिने मला खातं उघडून दिलं, नाव घालायच्या जागी 'आजी' घातलं, फोटोची जागा रिकामी ठेवली. "एक नियम आहे," ती म्हणाली. "घरच्या माणसाने धंद्याबद्दल कुठेही लिहिलं की आधी नातं सांगायचं. मग बाकीचं."

"किती आधी?"

"पहिल्या ओळीत."

मी एका बोटाने लिहायला लागले. वेळ लागला. नातीने मध्ये डोकावलं नाही.

'मी त्या चहाच्या मालकिणीची आजी आहे. ती बहीण माझी धाकटी होती. तिला सांगणारी मी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुमच्या आईला, बहिणीला जे काही तुम्ही प्रेमाने पाजता, ते तिच्या डॉक्टरांना सांगा. आणि हो, मी जेवते. रोज जेवते.'

"वाचू?" नातीने विचारलं.

"वाच."

तिने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मी वाट बघत होते की ती काही खोडेल. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "तूच दाब, आजी."